मशीन बिघडलं आणि हजेरीत ॲबसेंट लागला, तर एचआरला अर्ज कसा करायचा

प्रश्न: चाकणला प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे, फर्स्ट शिफ्ट. ८ एप्रिलला थंब मशीन बंदच होतं, ९ ला गुरुवारची सुट्टी, १० आणि ११ ला मशीन थँक यू बोललं पण स्क्रीनवर तारीख भलतीच दिसत होती. आता पगार स्लिपमध्ये ४ दिवस कापलेत, हजेरी भत्ता पण गेला. एचआर म्हणतंय सीएल टाक नाहीतर अर्ज दे. अर्जात नेमकं काय लिहू?

उत्तर:

पहिली गोष्ट, सीएल टाकू नका. टाइम ऑफिसमध्ये माझी चौदा वर्षं गेली, त्यात ही एक चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली. पोरगं घाबरतं, पगार कापला जाऊ नये म्हणून तीन सीएल भरून मोकळं होतं, एचआरचं पण काम मिटतं. पण त्याचा अर्थ काय झाला बघा, तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलं की त्या दिवशी मी आलो नव्हतो, सुट्टीवर होतो. उद्या घरी खरोखर अडचण आली तर ती सीएल शिल्लक नाही, आणि बऱ्याच कंपन्यांत सीएल पडली की हजेरी भत्ता तसाही जातो, म्हणजे तो परत मिळायचा रस्ता तुम्हीच बंद केला. सीएलचा फॉर्म आधीच भरला असेल तर अर्जात एक ओळ घाला की तो फॉर्म गैरसमजातून भरला होता, रद्द करावा.

दुसरी गोष्ट, अर्ज पैशाचा करू नका, नोंदीचा करा. "माझे कापलेले पैसे परत द्या" असं लिहिलं की पेरोलवाला पुढच्या महिन्यात ॲरिअर्स म्हणून रक्कम टाकतो आणि विषय संपवतो, पण मस्टरवर एप्रिलचे ते दिवस ए चे ए च राहतात. मग पीएफच्या ईसीआर फाइलमध्ये एनसीपी डेज नावाचा जो रकाना असतो, म्हणजे ज्या दिवसांचा पगार नाही ते दिवस, त्यात तुमचे ४ दिवस पडलेले असतात ते तसेच राहतात, आणि पेन्शनची सेवा मोजताना हाच रकाना बघतात. ईएसआयचंही तेच, तुमचा ग्रॉस २१,००० च्या आत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये असणार, आणि आजारपणाचा भत्ता मिळायला एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवस भरावे लागतात. वर्षभर कामावर असलेल्याला ४ दिवसांनी फरक पडत नाही, पण ज्याचे सहामाहीतले दिवस आधीच कमी भरतात त्याला पडतो. म्हणून मागणी अशी पाहिजे की एप्रिलचं मस्टर दुरुस्त करा, पैसे त्यामागे आपोआप येतात.

आता मशीनचं. अर्ज लिहायच्या आधी तुमच्या तीन दिवसांत दोन वेगवेगळे बिघाड झालेत हे समजून घ्या, कारण "मशीन खराब होतं" एवढंच लिहिलं की एचआर मशीनच्या व्हेंडरला विचारतं, व्हेंडर म्हणतो मशीन तर चालू होतं, दुसऱ्यांचे पंच आलेत, आणि अर्ज तिथेच पडतो.

८ तारखेचा प्रकार सरळ आहे, मशीन बंद म्हणजे पंच कुठेच नाही, ना मशीनमध्ये ना सर्व्हरवर. तिथे तुमची हजेरी दुसऱ्या कागदावरूनच सिद्ध करावी लागणार. पण १० आणि ११ चं तसं नाहीये. मशीन थँक यू बोललं याचा अर्थ बोट ओळखलं गेलं आणि तुमच्या आयडीसमोर लॉग पडला, नाहीतर ते प्लीज ट्राय अगेन बोललं असतं. लॉग आहे, फक्त चुकीच्या तारखेला आहे. मशीनच्या आत घड्याळ चालू ठेवायला एक छोटा बटण सेल असतो, तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ शून्यावर जातं आणि लाइट आल्यावर मशीन फॅक्टरीतल्या तारखेपासून मोजायला लागतं, पुष्कळ मॉडेलमध्ये ती २००० सालची १ जानेवारी असते. तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी, आणि आपल्या भागात मेंटेनन्ससाठी लाइट पण गुरुवारीच घालवतात, म्हणून शुक्रवारी सकाळी भलती तारीख दिसणं अगदी जुळतंय. सॉफ्टवेअर तो लॉग उचलतं, २००० सालात नेऊन ठेवतं, आणि एप्रिलच्या पानावर तुम्ही गैरहजर.

आमच्या एका जुन्या प्लांटला हुबेहूब हेच झालं होतं. एका ऑपरेटरचे दोन दिवस गेले, सुपरवायझर म्हणत होता हा आला होता, एचआर म्हणत होतं पुरावा कुठाय. मी मशीनमधून पेनड्राइव्हवर रॉ लॉग काढला, त्यात त्याच्या आयडीसमोर ह्या ओळी सापडल्या:

```
1047  2000-01-01 12:42:18
1047  2000-01-01 21:24:40
1047  2000-01-02 12:39:05
1047  2000-01-02 21:26:12
```

वर वर बघितलं तर कचरा वाटतो. पण घड्याळ चुकीच्या जागेवरून सुरू झालं असलं तरी पुढे चाललेलं बरोबर असतं. सिक्युरिटीच्या डायरीत लिहिलेलं होतं की गुरुवारी संध्याकाळी ६:१० ला लाइट आली. म्हणजे मशीनचं शून्य म्हणजे गुरुवारचे ६:१०. त्यात पहिल्या ओळीचे १२ तास ४२ मिनिटं मिळवा, शुक्रवार सकाळचे ६:५२ येतात. गेट रजिस्टरमध्ये त्याची एंट्री होती ६:५०. दुसरी ओळ मिळवली तर दुपारचे ३:३४, शिफ्ट ३:३० ला सुटते. शनिवारचे दोन्ही पंच पण तसेच, ६:४९ आणि ३:३६. हा हिशोब एका कागदावर मांडून प्लांट हेडसमोर ठेवला आणि पाच मिनिटांत सही झाली, आणि त्याच लॉगवरून त्या शिफ्टच्या बाकी लोकांची हजेरी पण काढता आली. म्हणून तुमच्या अर्जात १० आणि ११ साठी "रॉ लॉग तपासावा" ही मागणी आलीच पाहिजे. लवकर करा, कारण मशीनची मेमरी भरली किंवा व्हेंडरने मशीन बदलून नेलं, की तो लॉग गेला.

(अजून एक बिघाड असतो तो तुमचा नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असेल: नेटवर्कची वायर किंवा स्विच बंद. तेव्हा तारीख बरोबर दिसते, थँक यू पण होतं, पण लॉग मशीनमध्येच अडकून राहतो, सर्व्हरवर जात नाही. त्यात अर्जाची पण गरज पडत नाही बहुतेक, टाइम ऑफिसला सांगायचं डेटा परत डाउनलोड करा, सगळं जागेवर येतं.)

पुराव्याबद्दल. प्रत्येक तारखेला दोन कागद असावेत, आणि ते दोन वेगळ्या डिपार्टमेंटचे असावेत. सुपरवायझरचं पत्र चांगलंच, पण एचआरला वाटतं माणूस आपल्या माणसाला सांभाळतोय. प्रेस शॉपवाल्यासाठी माझ्या मते सगळ्यात भारी कागद म्हणजे फर्स्ट पीस अप्रूव्हल शीट. शिफ्ट सुरू झाल्यावर पहिला पीस क्वालिटीवाला तपासतो, त्यावर वेळ असते, पार्ट नंबर असतो, ऑपरेटरचं नाव किंवा सही असते आणि क्वालिटीची सही असते, आणि तो कागद हजेरीसाठी बनवलेलाच नसतो, म्हणून त्यावर कुणी शंका घेत नाही. त्याच्या जोडीला गेट रजिस्टर, नाहीतर कंपनी बसची ट्रिप शीट, शिफ्टचा प्रॉडक्शन रिपोर्ट, कॅन्टीनची नोंद, जे असेल ते. कागद स्वतः काढून आणायची गरज नाही, रजिस्टरचे फोटो पण लपून काढू नका, त्यावरून उलटं तुमच्यावरच येतं. अर्जात फक्त लिहायचं की अमुक तारखेचं अमुक रजिस्टर बघा. सीसीटीव्हीचं मात्र आजच विचारा, बऱ्याच ठिकाणी १५ ते ३० दिवसांत जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं, स्लिप हातात येईपर्यंत ८ तारखेचं फुटेज गेलेलं असू शकतं.

वेळ लिहिताना अंदाजाने मिनिटं ठोकू नका. गेट रजिस्टरमध्ये ६:५० असेल तर ६:५० लिहा, नक्की माहीत नसेल तर "शिफ्ट सुरू होण्यापूर्वी" लिहा. आणि त्यातला एखादा दिवस तुम्ही उशिरा आला असाल, अर्धा दिवस गेला असाल, तर तसंच लिहा. आमच्याकडे एकाने तीन दिवसांचा अर्ज दिला, दोन दिवस पूर्ण खरे होते, तिसऱ्या दिवशी तो गेट पास घेऊन दुपारी घरी गेलेला, तो गेट पास फाइलमध्ये सापडला आणि मग खऱ्या दोन दिवसांवर पण कुणी विश्वास ठेवेना, महिनाभर लटकलं प्रकरण.

आता अर्ज. मी लिहिला असता तर असा, जिथे टिंबं आहेत तिथे तुमचं भरा आणि तारखांपुढे साल लिहा:

प्रति,
मा. एचआर मॅनेजर,
…………

विषय: बायोमेट्रिक मशीनमधील बिघाडामुळे ८, १० व ११ एप्रिल रोजी लागलेली गैरहजेरी दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

मी ………, टोकन नं. ……, प्रेस शॉप, फर्स्ट शिफ्ट. एप्रिलच्या हजेरीत माझी ८, १० आणि ११ तारखेला गैरहजेरी लागली आहे आणि त्यामुळे ९ तारखेची साप्ताहिक सुट्टीसुद्धा गैरहजेरीत धरली गेली आहे. ८, १० आणि ११ या तिन्ही दिवशी मी पूर्ण शिफ्ट काम केले आहे.

८ एप्रिल, बुधवार: गेटवरील मशीन येताना व जाताना बंद होते, त्यामुळे पंच झाला नाही. त्या दिवशीचे गेट रजिस्टर आणि प्रेस नं. …… चे फर्स्ट पीस अप्रूव्हल शीट पाहावे.

१० एप्रिल, शुक्रवार व ११ एप्रिल, शनिवार: दोन्ही दिवशी येताना व जाताना मशीनने माझा पंच स्वीकारला, परंतु स्क्रीनवर तारीख चुकीची दिसत होती. माझ्या आयडीचे पंच चुकीच्या तारखेला नोंदले गेले असावेत. कृपया मशीनमधील रॉ लॉग तपासावा. त्यासोबत या दोन्ही दिवसांचा प्रॉडक्शन रिपोर्ट पाहावा. माझे सुपरवायझर श्री. ……… यांची पुष्टी सोबत जोडली आहे.

तरी ८, १० व ११ तारखेची हजेरी लावून ९ तारखेची साप्ताहिक सुट्टी पूर्ववत करावी, एप्रिलचे मस्टर दुरुस्त करावे, त्यानुसार कापलेले वेतन व हजेरी भत्ता द्यावा, आणि पीएफ व ईएसआयच्या नोंदीत दिवस दुरुस्त करावेत. हे दिवस माझ्या रजेतून वजा करू नयेत. दुरुस्त हजेरीची प्रत मिळावी ही विनंती.

आपला विश्वासू,
सही, तारीख, मोबाइल

एवढंच. एका पानाच्या वर नको. मशीनबद्दल तक्रारी, मागच्या वर्षी पण असंच झालं होतं, एचआर लक्ष देत नाही, हे सगळं मनात असलं तरी या कागदावर नको, कारण हा कागद पेरोलच्या फाइलला लागणार आहे आणि तिथल्या माणसाला फक्त तारीख, कारण आणि कुठलं रजिस्टर बघू हे पाहिजे.

९ तारखेचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा केलाय. सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ए असेल तर मधली सुट्टी पण ए होते, याला सगळे सँडविच म्हणतात. आता गंमत अशी की टाइम ऑफिसने ८ आणि १० ला हाताने पी लावला तरी काही सॉफ्टवेअरमध्ये ९ तारीख आपोआप बदलत नाही, त्या महिन्याची हजेरी परत प्रोसेस करावी लागते, आणि घाईत ते राहून जातं. मग ४ दिवसांपैकी ३ चे पैसे येतात आणि माणसाला वाटतं टॅक्स वगैरे काहीतरी कापला असेल. म्हणून हिशोब आधीच करून ठेवा. समजा ग्रॉस १८,००० आणि तुमच्याकडे ३० ने भागतात, तर दिवसाला ६००, ४ दिवसांचे २,४००, अधिक हजेरी भत्ता समजा ८०० असेल तर ३,२००. यातून पीएफ, ईएसआयचा तुमचा हिस्सा कापून हातात थोडे कमी येतील ते ठीक आहे. पण ग्रॉसमध्येच २,६०० दिसले तर समजायचं ९ तारीख राहिली. काही कंपन्या २६ ने भागतात, तेव्हा स्लिपवर पे डेज किती लिहिलेत ते बघून हिशोब करा.

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर रिसिव्हडचा शिक्का किंवा सही आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच मजकुराचा मेल टाका, सुपरवायझरला कॉपीत ठेवा. पोर्टलवर रेग्युलरायझेशनचा पर्याय असेल तर तिथे पण टाका, पण एप्रिल लॉक झाला असेल तर तिथे तारीखच उघडणार नाही, तेव्हा कागदच कामाला येतो. त्या दिवशी अडकलेले दहा-बारा जण असतील तर सगळ्यांची नावं टाकून एक यादी जरूर द्या, त्याने मशीन खरंच बिघडलं होतं हे पक्कं होतं, पण यादीवर थांबू नका, प्रत्येकाचा स्वतःचा अर्ज वेगळा पाहिजे कारण पगार प्रत्येकाचा वेगळा दुरुस्त होतो. आणि तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर असाल तर मशीन कंपनीचं आणि पगार कॉन्ट्रॅक्टरचा, मग अर्ज कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने आणि प्रत कंपनीच्या टाइम ऑफिसला, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

समजा ऐकलंच नाही. आठ दिवस थांबा, मग पहिल्या अर्जाची तारीख देऊन स्मरणपत्र. कायदा इथे तुमच्या बाजूने स्पष्ट आहे, माणूस जेवढा वेळ कामावर नव्हता तेवढ्याचाच पगार गैरहजेरी म्हणून कापता येतो. जुन्या १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. तुम्ही हजर होतात, मशीन नव्हतं, मशीनची गैरहजेरी तुमच्या पगारातून जात नाही. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावी लागते, तिकडे द्या, युनियन असेल तर प्रतिनिधीला सोबत न्या. त्यानेही नाही झालं तर कामगार आयुक्त कार्यालय, वेतन संहितेखाली दावा करायला ३ वर्षांची मुदत आहे. पण खरं सांगतो, तारीखवार लिहिलेला आणि रजिस्टरचं नाव दिलेला अर्ज असेल तर तिथपर्यंत जायची वेळ मला तरी क्वचितच बघायला मिळाली, एचआरला पण मस्टर चुकीचं ठेवणं परवडत नाही.

झालं म्हणून कुणी तोंडी सांगितलं तर थांबू नका. पुढच्या स्लिपमध्ये ॲरिअर्सची ओळ बघा, सीएलची शिल्लक होती तेवढीच आहे का बघा, आणि एप्रिलच्या हजेरीची प्रिंट मागून ८ ते ११ या चारही खान्यांवर बोट ठेवून तपासा, पी, डब्ल्यूओ, पी, पी असं दिसलं पाहिजे. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी यूएएनचं पासबुक उघडून एप्रिलचा पीएफ वेज मार्चएवढा झाला का, की अजून चार दिवसांनी कमीच दिसतोय ते बघा. कमी असेल तर पेरोलने पैसे दिले पण पीएफच्या फाइलमध्ये एप्रिल दुरुस्त केला नाही, मग त्याच अर्जाची प्रत जोडून फक्त तेवढ्यासाठी दोन ओळींचं पत्र द्या.